छेदनबिंदू वाचावा, बसवू नये



अकरावीत नव्याने आलेल्या मुलांना मी दरवर्षी एक गणित घालतो. दहावीच्या बीजगणितातलेच, आलेखाने एकसामयिक समीकरणे सोडवण्याचे. आलेख कागद, पट्टी आणि पेन्सिल एवढेच साहित्य. समीकरणे अशी :

x + २y = ८
३x − २y = ५

वीस मिनिटांनी वह्या गोळा करतो तेव्हा बहुतेकांचे उत्तर एकच असते, x = ३.२५ आणि y = २.३७५. मग मी विचारतो, “आलेख कागदावर एक सेंटीमीटरला एक एकक असे प्रमाण घेतले आहे. लहानात लहान घर एक मिलिमीटरचे, म्हणजे ०.१ एककाचे. मग २.३७५ मधला तो शेवटचा ५ तुम्हाला कोणत्या रेघेवर दिसला?” वर्ग गप्प होतो. कुणीतरी हळूच वहीचे मागचे पान उलटतो. तिथे लोप पद्धतीने उदाहरण सोडवलेले असते. आधी उत्तर काढले, त्या जागी टिंब दिले आणि दोन्ही रेषा त्या टिंबातून ओढल्या!

या मुलांना मी दोष देत नाही. छेदनबिंदू उत्तराशी तंतोतंत जुळला नाही तर गुण जातात, हे त्यांनी अनुभवाने शिकलेले असते. पण अशा आलेखाचा काही उपयोग नाही. त्यातून जे शिकायचे ते राहूनच जाते. माझे मत असे आहे की आलेखाचे उत्तर बीजगणिताच्या उत्तराहून थोडे वेगळे येऊ द्यावे, ते आले तसे लिहावे, आणि मग दोन्हींत किती फरक पडला व का पडला याचा विचार करावा. हा विचार कसा करायचा आणि त्यातून काय हाती लागते, ते आज पाहू.

रेषा किती नेमकी?

वरचीच समीकरणे घ्या. पहिल्या रेषेवर (०, ४), (२, ३), (४, २), (६, १), (८, ०) असे सोयीचे बिंदू मिळतात. यांपैकी कोणतेही दोन घेतले तरी रेषा तीच, असे पुस्तकात म्हटलेले असते. गणितातल्या रेषेबद्दल ते खरे आहे, पण पेन्सिलीच्या रेघेबद्दल नाही. बिंदू मांडताना अर्ध्या मिलिमीटरची चूक कुणाच्याही हातून होते. समजा, तुम्ही (६, १) आणि (८, ०) हे जवळजवळचे बिंदू घेतले आणि त्यांतला (६, १) अर्धा मिलिमीटर वर पडला. आता रेघ डावीकडे वाढवत छेदनबिंदूपर्यंत, म्हणजे x = ३.२५ पर्यंत न्यायची आहे. (८, ०) पासून (६, १) हे आडवे अंतर २ सेंटीमीटर, तर छेदनबिंदूपर्यंतचे पावणेपाच सेंटीमीटर. म्हणजे अर्ध्या मिलिमीटरची चूक तिथे पोचेपर्यंत सुमारे सव्वा मिलिमीटर होते. दाराची फट बिजागरीपाशी बारीक आणि कडेला रुंद असते, तसाच हा प्रकार.

याउलट (०, ४) आणि (८, ०) हे दूरदूरचे बिंदू घेतले, तर छेदनबिंदू त्या दोहोंच्या मध्ये येतो. मग बिंदू मांडताना झालेली चूक तिथे वाढत नाही. अर्ध्या मिलिमीटरच्या आतच राहते. म्हणून नियम एवढाच लक्षात ठेवा, की बिंदू दूरदूर घ्यावेत आणि छेदनबिंदू त्यांच्या मध्ये यावा. तिसरा बिंदू हा रेघ ओढण्यासाठी नसून तपासणीसाठी आहे. तो रेघेवर पडला नाही, तर तिन्हींपैकी एक बिंदू चुकला आहे असे समजावे. पट्टी थोडी तिरकी करून तिन्हींच्या ‘साधारण मधून’ रेघ काढू नये. ती सवय प्रयोगशाळेतल्या मोजमापांसाठी ठीक आहे. इथे बिंदू गणिताने काढलेले असतात, त्यामुळे चूक शोधून दुरुस्त करणेच योग्य.

छेदनबिंदू किती नेमका?

दुसरी रेषा (१, −१), (३, २), (५, ५) या बिंदूंतून जाते. पहिली रेषा डावीकडून उजवीकडे उतरते, दुसरी चढते, आणि दोघी जवळजवळ काटकोनात छेदतात. टोक केलेल्या पेन्सिलीची रेघही साधारण अर्धा मिलिमीटर जाड असते. अशा दोन रेघा एकमेकींना ओलांडतात तेथे गणितातला बिंदू मिळत नाही. मिळतो तो अर्ध्या मिलिमीटरचा एक इवलासा काळा चौकोन. त्याचा मध्य डोळ्यांनी ठरवायचा. तो x च्या बाबतीत ३.२ आणि ३.३ यांच्या मध्ये कुठेतरी, आणि y च्या बाबतीत २.४ च्या किंचित खाली दिसतो. प्रामाणिक वाचन असे होईल : x सुमारे ३.२५, y सुमारे २.४, आणि दोन्हींत ०.०५ इतका फरक संभवतो. एखाद्याने (३.२, २.४) असे वाचले तरी तेही मान्य करावे.

आता (३.२, २.४) या वाचनाचा ताळा पाहू. पहिल्या समीकरणात ३.२ + ४.८ = ८, अगदी बरोबर. दुसऱ्यात ९.६ − ४.८ = ४.८, यायला हवे होते ५. म्हणजे ०.२ चा फरक. उत्तरातली खरी चूक मात्र x मध्ये ०.०५ आणि y मध्ये ०.०२५ एवढीच आहे. हे आकडे लक्षात ठेवा, पुढे लागतील.

याहून नेमके उत्तर आलेखानेच हवे असेल तर तेही मिळते. पहिल्या आलेखाने छेदनबिंदू x = ३ आणि x = ३.५ यांच्यामध्ये आहे हे सांगितलेच आहे. आता तेवढाच तुकडा मोठा करून काढा. २० सेंटीमीटरला एक एकक असे प्रमाण घ्या आणि आरंभबिंदू कागदावर आलाच पाहिजे हा हट्ट सोडा. कागदाच्या डाव्या खालच्या कोपऱ्याला (३, २) समजा. पहिल्या रेषेवर x = ३ असताना y = २.५ आणि x = ३.५ असताना y = २.२५ येते. दुसऱ्या रेषेवर याच x साठी y = २ आणि y = २.७५ येते. हे चार बिंदू मांडून रेघा ओढल्या, की त्या कोपऱ्यापासून ५ सेंटीमीटर उजवीकडे आणि साडेसात सेंटीमीटर वर छेदतात. पाच भागिले वीस म्हणजे ०.२५, साडेसात भागिले वीस म्हणजे ०.३७५. इथे एक मिलिमीटर म्हणजे ०.००५ एकक. तेव्हा २.३७५ मधला तो शेवटचा ५ आता खरोखरच कागदावर दिसतो, मागच्या पानावरून आणावा लागत नाही.

गोट्यांचे वजन

यावर कुणी म्हणेल, की एवढा खटाटोप कशाला? लोप पद्धतीने दोन ओळींत नेमके उत्तर मिळते. आलेख म्हणजे बीजगणिताची अंदाजी नक्कल, एवढेच ना? एका शिक्षकमित्राने मला हेच विचारले होते. त्याला मी जे उदाहरण दिले तेच तुमच्यापुढे ठेवतो.

समजा, तुमच्याकडे काचेच्या मोठ्या आणि लहान गोट्या आहेत. सर्व मोठ्या गोट्या सारख्या, सर्व लहान गोट्या सारख्या. तराजूजवळ लहानात लहान वजन १ ग्रॅमचे आहे. तुम्ही ४ मोठ्या आणि ५ लहान गोट्या एकत्र तोलल्या, त्या ७० ग्रॅम भरल्या. नंतर ५ मोठ्या आणि ६ लहान तोलल्या, त्या ८६ ग्रॅम भरल्या. मोठ्या गोटीचे वजन x ग्रॅम आणि लहानीचे y ग्रॅम मानले तर

४x + ५y = ७०
५x + ६y = ८६

बीजगणित पाहू. पहिल्या समीकरणाला ६ ने आणि दुसऱ्याला ५ ने गुणले, की २४x + ३०y = ४२० आणि २५x + ३०y = ४३०. वजाबाकी केली की x = १०. मग y = ६. किती सुबक उत्तर! मोठी गोटी १० ग्रॅमची, लहान ६ ग्रॅमची.

आता आलेख काढा. एक सेंटीमीटरला एक ग्रॅम. पहिल्या रेषेसाठी (०, १४) आणि (१५, २), दुसरीसाठी (४, ११) आणि (१६, १). बिंदू दूरदूर घेतले आहेत, पेन्सिलीला टोक केले आहे, सगळे नियम पाळले आहेत. तरीही कागदाकडे पाहून तुम्ही चक्रावून जाल. दोन्ही रेषा जवळजवळ एकाच दिशेने उतरतात. Y-अक्षापाशी, छेदनबिंदूपासून तब्बल दहा सेंटीमीटर दूर असतानाही, त्यांच्यातले उभे अंतर असते जेमतेम तीन-सव्वातीन मिलिमीटर. छेदनबिंदूच्या दोन्ही बाजूंना दीड दीड सेंटीमीटरवर ते अर्धा मिलिमीटर, म्हणजे रेघेच्या जाडीइतकेच उरते. म्हणून x = ८.५ पासून x = ११.५ पर्यंत दोन रेघांची एकच जाड रेघ दिसते. छेदनबिंदू कुठे आहे असे विचारले तर तीन सेंटीमीटर लांबीच्या पट्ट्याकडे बोट दाखवावे लागते.

एखादा विद्यार्थी या पट्ट्यातून (११, ५.२) असे वाचेल. त्याने ताळा करून पाहिला तर पहिल्यात ४४ + २६ = ७०, बरोबर. दुसऱ्यात ५५ + ३१.२ = ८६.२. फरक फक्त ०.२! मघाच्या उदाहरणातही ताळ्यात ०.२ चाच फरक होता, पण तिथे x मधली चूक ०.०५ होती. इथे ती १ आहे, म्हणजे वीस पट. ताळा जवळजवळ जुळला म्हणजे उत्तरही जवळजवळ बरोबर, असे आपण समजतो. रेषा काटकोनाच्या आसपास छेदत असतील तर ते चालते. रेषा एकमेकींना चिकटून जात असतील तर हा समज फसवतो.

दोष आलेखाचा की समीकरणांचा?

आलेख इथे नापास झाला, असे तुम्हाला वाटेल. क्षणभर थांबा आणि तराजूकडे परत या. जवळ १ ग्रॅमहून लहान वजन नाही, तेव्हा ८६ च्या जागी ८७ भरणे सहज शक्य आहे. दुसरे समीकरण ५x + ६y = ८७ असे लिहून पुन्हा सोडवा. ५ ने गुणून ४३५, त्यातून ४२० वजा, x = १५ आणि y = २. एका ग्रॅमच्या फरकाने मोठी गोटी १० वरून १५ ग्रॅमवर गेली! आता ८६ च्या जागी ८५ घेऊन पाहा. ४२५ उणे ४२०, म्हणजे x = ५; आणि y = १०. लहान गोटी मोठीच्या दुप्पट जड! बीजगणितात कुठेही चूक नाही. प्रत्येक उत्तर आपापल्या समीकरणांत तंतोतंत बसते.

हे का घडते, ते लोप पद्धतीतच दिसते. दुसऱ्या समीकरणाला ५ ने गुणले तेव्हा ८६ मधली एका ग्रॅमची चूकही ५ ने गुणली गेली. मग ४३० मधून ४२० गेले आणि १० उरले. दोन मोठ्या, जवळजवळ सारख्या संख्या एकमेकींना खाऊन टाकतात, पण त्यांच्यातल्या चुका शिल्लक राहतात. डावीकडेही २५x मधून २४x गेले आणि एकच x उरला. पाच ग्रॅमची ती चूक त्या एकट्या x वर येऊन पडली. मात्र हे सांगणारी एकही खूण ‘x = १०’ या उत्तरावर नसते. ते पहिल्या उदाहरणातल्या ३.२५ इतकेच आत्मविश्वासाने उभे असते.

आलेखाने मात्र तुम्हाला आधीच सांगितले होते. तीन सेंटीमीटरचा तो काळा पट्टा म्हणजे, ‘या दोन मोजमापांवरून गोट्यांचे वजन नीट कळणार नाही’ असा स्पष्ट इशारा होता. कारण दोन्ही मोजमापे आपल्याला जवळजवळ एकच गोष्ट सांगत होती. पेन्सिलीच्या रेघेला जशी जाडी असते तशी मोजमापालाही असते. समांतरासारख्या रेषांमध्ये थोडी जाडीही पुष्कळ गोंधळ घालते.

इथे एक भेद नीट ध्यानात घ्या. ४, ५, ७० आणि ५, ६, ८६ हे आकडे पुस्तकातले, म्हणजे अगदी नेमके असतील, तर मघासारखा छेदनबिंदूजवळचा भाग मोठा करून आलेखाने हवे तितके नेमके उत्तर काढता येते. तिथे उणीव फक्त पेन्सिलीची असते. पण ७० आणि ८६ तराजूवरून आले असतील तर कागद भिंतीएवढा केला तरी उपयोग नाही, कारण मग रेषेची जागाच अनिश्चित असते. आणि तिथे बीजगणितही उपयोगी पडत नाही.

मग करावे काय?

मोजमाप बदलावे. त्याच गोट्या, तोच तराजू. ५ मोठ्या आणि ६ लहान एकत्र तोलल्या तर ८६ ग्रॅम, हे मोजमाप ठेवा. दुसऱ्या वेळी ५ मोठ्या एका पारड्यात आणि ६ लहान दुसऱ्या पारड्यात टाका. लहान गोट्यांच्या बाजूला १४ ग्रॅम ठेवले की काटा मध्यावर येतो. समीकरणे झाली

५x + ६y = ८६
५x − ६y = १४

एक रेषा उतरते, दुसरी तितकीच चढते. दोघींमधला कोन जवळजवळ ८० अंशांचा. बेरीज केली की १०x = १००. आता ८६ च्या जागी ८७ भरले तर १०x = १०१ आणि x = १०.१. मघाशी एका ग्रॅमच्या चुकीने उत्तर ५ ग्रॅमने चुकत होते, आता ०.१ ग्रॅमने. पन्नास पट सुधारणा, आणि तीही नवा तराजू न आणता!

मोठ्या गोट्या वेगळ्या आणि लहान वेगळ्या तोलल्या तर सर्वांत सोपे, असे तुमच्या मनात आले असेल. बरोबर आहे. तेव्हा एक समीकरण फक्त x चे आणि दुसरे फक्त y चे असते. एक रेषा उभी, दुसरी आडवी, छेद काटकोनात. आलेखाच्या भाषेत तुमच्या सहजबुद्धीचे हेच कारण आहे.

शिक्षकांना विनंती

शिक्षकबंधूंना आणि भगिनींना माझे सांगणे थोडक्यात असे. छेदनबिंदू पूर्णांकात येईल अशीच उदाहरणे दिली, तर मुले रेषा न ओढताच उत्तर ओळखतात. आलेखासाठी निदान एक उदाहरण ३.२५ सारख्या उत्तराचे द्यावे. वाचन ०.१ एककाच्या आत असेल, तर पूर्ण गुण द्यावेत. त्याखाली बीजगणिताने काढलेले उत्तर, दोहोंतला फरक आणि त्याचे कारण एका वाक्यात लिहून घ्यावे. आणि वर्षातून एकदा तरी गोट्यांसारख्या चिकटलेल्या रेषा मुलांना काढू द्याव्यात. परीक्षेच्या चौकटीत हे सारे बसत नाही, हे मी जाणतो; वर्गात मात्र बसते.

मला याची एवढी तळमळ का? कारण बिंदू आधी देऊन मग रेषा ओढणारा विद्यार्थी पुढे माझ्या प्रयोगशाळेत येतो. तिथे तो गुरुत्वत्वरणाचे ९.८ हे उत्तर आधी लिहितो आणि लंबकाची वाचने मागाहून ‘बसवतो’. त्याचा लंबक त्याला काहीही शिकवू शकत नाही, कारण त्याने त्याला काही विचारलेलेच नसते.

शेवटी तुमच्यासाठी एक काम. समजा, तराजू एकाच पारड्याचा आहे, म्हणजे फक्त एकत्र वजन करता येते, आणि एका वेळी पाचच गोट्या ठेवता येतात. दोन्ही वेळा दोन्ही प्रकारच्या गोट्या हव्यातच. एक विद्यार्थी ३ मोठ्या व २ लहान, मग २ मोठ्या व ३ लहान तोलतो. त्याला ४२ आणि ३८ ग्रॅम मिळतात. दुसरा ४ मोठ्या व १ लहान, मग १ मोठी व ४ लहान तोलतो. त्याला ४६ आणि ३४ मिळतात. दोघांचे उत्तर १० आणि ६ च येते. कुणाच्या उत्तरावर अधिक भरवसा ठेवाल? आधी चारही रेषा एकाच आलेख कागदावर काढून ठरवा. मग प्रत्येकाचे पहिले वजन एका ग्रॅमने वाढवून समीकरणे पुन्हा सोडवा, आणि आलेखाने खरे सांगितले होते की नाही ते पाहा.